रेल्वेमंत्री साहेब, दहावीची परीक्षा होईपर्यंत तरी क्वार्टर ठेवू द्या

मा. रेल्वेमंत्री साहेब, नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, लोंढ्याच्या रेल्वे कॉलनीत सगळी ओळखीपाळखीची माणसं. आमच्याकडच्या जुन्या लोकांची जन्मतारीख विचारली तर निम्मे जण १ जून सांगतात, शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली. आणि महिन्याच्या १ तारखेचा जन्म असला की रिटायरमेंट आदल्या महिन्याच्या शेवटी, म्हणजे ३१ मेला. इथूनच सगळी अडचण सुरू होते.

एक ट्रॅकमन समजा, लग्न उशिरा झालेलं, मुलगी खानापूरला मराठी शाळेत दहावीला. तो ३१ मेला रिटायर झाला. नियमाप्रमाणे रेल्वेचं क्वार्टर ४ महिने नेहमीच्या भाड्यात ठेवता येतं, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. मग मुलीच्या शाळेचं सर्टिफिकेट लावून अर्ज केला आणि परवानगी मिळाली तर अजून ४ महिने डबल भाड्यानं, की झाली ३१ जानेवारी. आणि दहावीची एसएसएलसी परीक्षा मार्च-एप्रिलला! फेब्रुवारीत घर हलवायचं कुठं, पोरीनं अभ्यास करायचा कधी?

आता ह्याच माणसाची बदली झाली असती तर काय होतं बघा. बदलीवाल्याला २ महिने नेहमीच्या भाड्यात, ६ महिने शिक्षणासाठी डबल भाड्यात, आणि तरीही वर्ष पुरं होत नसेल तर चालू शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत मुदत वाढवून देता येते. रिटायर माणसासाठी मात्र ८ महिन्यांवर दार बंद. मुलगी तीच, शाळा तीच, परीक्षा तीच, मग हा फरक का?

बरं मुदत संपल्यावर राहिला तर डॅमेज रेंट लागतं, ते साध्या भाड्याच्या कितीतरी पट. ते ग्रॅच्युइटीतून कापून घ्यायचा रेल्वेला हक्क आहे, आणि क्वार्टर सोडल्यावर जे उरेल तेवढंच हातात, त्यातूनही भागलं नाही तर पेन्शनवरच्या महागाई भत्त्यातून वसुली. इस्टेट ऑफिसरची घर खाली करायची नोटीस येते ती वेगळीच, सरकारी जागा खाली करून घ्यायच्या कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर उत्तर द्यायला फक्त ३ कामाचे दिवस! अपील जिल्हा न्यायाधीशांकडे, ते पण १२ दिवसांच्या आत, आणि लोंढ्यासारख्या गावातला माणूस तेवढ्यात वकील कुठला शोधणार?

क्वार्टर अडवून बसावं असं मी म्हणत नाही. नवीन आलेल्या पोरांना पण घर पाहिजे, ते भाड्याच्या खोल्या शोधत फिरतात हे रोज बघतोय. फुकट पण नको, डबल भाडं घ्या, हवं तर दहावी-बारावीपुरतंच ठेवा, आणि शाळेचं बोनाफाईड, परीक्षेचं टाइमटेबल दाखवल्याशिवाय देऊ नका. फक्त बदलीच्या नियमात जी 'चालू शैक्षणिक वर्षापर्यंत'ची सोय आहे ती रिटायरमेंटच्या नियमात पण घाला, आणि तसा आदेश हुबळी डिव्हिजनला सप्टेंबरच्या आत पाठवा, कारण डबल भाड्याचे अर्ज तेव्हाच भरायचे असतात.

आपला,
खानापूर तालुक्यातला एक नागरिक