एक्याण्णव टक्के, पण कशाचे?

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट आणि व्हिडिओ दोन्ही पाहिले. खाली तू लिहिलं आहेस, "आई, नव्वद पार केलं, आता डिसेंबरची लीग खेळू ना?" पप्पा तर फुटबॉलचे स्टडचे बूट पुसून ठेवायला निघाले होते, त्यांना थांबवलं. फोनवर बोलायला लागलो की तू ऐकत नाहीस, मी चिडते. म्हणून हे पत्र. आईचं म्हण किंवा फिजिओचं म्हण.

आधी तुझ्या मांडीच्या ताकदीचा आकडा घेऊ. उजवा पाय 40 किलो, डावा 44, म्हणजे एक्याण्णव टक्के. गणित बरोबर आहे. पण उजव्या गुडघ्याच्या तुटलेल्या लिगामेंटच्या ऑपरेशनच्या आधी, मे महिन्यात, मी तुला क्लिनिकमध्ये खुर्चीवर बसवून असाच घोट्यावर पट्टा बांधून मोजलं होतं. ती वही समोर आहे. तेव्हा तुझ्या चांगल्या, डाव्या पायाने 52 किलो ओढले होते. आज तोच पाय 44 वर आलाय. सहा महिने तू मॅच खेळला नाहीस, वळला नाहीस, तेव्हा धडधाकट पायही वाळला. म्हणजे उजवा पाय वर चढला हे खरं, पण डावाही खाली उतरून त्याला अर्ध्या वाटेत भेटायला आला. मेमधल्या 52 शी तुलना केली तर तू सत्त्याहत्तर टक्क्यांवर आहेस. मला 52 चे नव्वद टक्के, म्हणजे उजव्या पायाचे 47 हवेत, तेही याच बनावटीच्या यंत्रावर आणि पट्टा त्याच जागी बांधून. पट्टा चार बोटं वर सरकला तरी आकडा फुगतो.

आता उडीचा व्हिडिओ. एका पायावर पुढे झेप घेतलीस, डाव्याने 174 सेंटिमीटर, उजव्याने 168. सत्त्याण्णव टक्के. ही टेस्ट मला फार भुलवून गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काही वर्षांपूर्वी आपल्याच पेठेतल्या एका पोराला मी असंच अंतर बघून सोडलं. साडेसहा महिने झाले होते, दोन्ही पायांच्या उड्या जवळपास सारख्या. दुसऱ्याच मॅचला, शाहू स्टेडियमवर, अंगाला कोणी हात न लावता वळताना लिगामेंटच्या जागी बसवलेलं ग्राफ्ट तुटलं. तेव्हा मी टेपकडे बघत होते, गुडघ्याकडे नाही. पुढे झेप घेताना लागणाऱ्या जोरात गुडघ्याचा वाटा जेमतेम आठवा भाग असतो, बाकी काम खुबा आणि घोटा करून टाकतात. कमजोर गुडघा त्यांच्या आडोशाला आरामात लपतो. तो उघडा पडतो जमिनीवर उतरताना. तुझा व्हिडिओ हळू करून बघ. डाव्या पायावर उतरतोस तेव्हा गुडघा छान वाकतो आणि धक्का पितो. उजव्यावर उतरताना गुडघा काठीसारखा ताठ, आणि धड पुढे झुकलेलं. गुडघ्याचं काम कंबर उरकते आहे.

म्हणून मी आता सरळ वर उडी मारायला लावते. त्यात गुडघ्याचा वाटा साधारण एक तृतीयांश असतो, लपायला जागा कमी. भिंतीला लागून उभा राहा, बोटांना खडू लाव, एका पायावर उभं राहून हात वर करून एक खूण कर, मग त्याच पायावर उडी मारून दुसरी. दोन खुणांमधलं अंतर मोज. उजवा पाय इथे बराच मागे पडेल असा माझा अंदाज आहे. खोटा ठरला तर आनंदच.

आता दिवसांचं. तू म्हणशील, झ्लाटान इब्राहिमोविच अशाच दुखापतीनंतर सात महिन्यांत मैदानात उतरला होता. उतरला होता, 2017 मध्ये. पण त्याचं वय तेव्हा छत्तीस, तुझं एकोणीस, आणि हे दुसऱ्यांदा तुटण्याचं दुखणं तरुण पोरांमध्येच जास्त. मांडीच्या मागून काढून तुझ्या गुडघ्यात बसवलेला तो दोर आधी जवळजवळ मरतो, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा घडत जातो. हे काम वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं. व्यायामाने स्नायू लवकर येतो, ग्राफ्ट मात्र आपल्याच वेगाने येतं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये 106 जणांवर केलेला एक अभ्यास 2016 मध्ये छापून आला. वळणावळणाच्या खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत दर महिन्याने लांबवलं, तसा गुडघा पुन्हा दुखावण्याचा दर जवळजवळ निम्म्याने घटत गेला. माणसं थोडी होती, तरी ते वाचल्यापासून मी नऊ महिन्यांच्या आत कुणालाही मॅचला सोडलेलं नाही. तुझं ऑपरेशन 20 मेला झालं, म्हणजे 20 फेब्रुवारी. त्या दिवशी खेळायचं असं नव्हे, त्याच्या आधी नाही, एवढंच.

पहिल्या टप्प्यातलं तुझं काम चांगलं झालं होतं, ते कबूल करते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तू रडत रडत गुडघा सरळ केलास. तेव्हा मी कठोर वागले, कारण गुडघ्याच्या पुढे चट्टा धरला तर तो कायमचा अर्धवट वाकलेला राहतो आणि मांडीचा स्नायू जागाच होत नाही. अजूनही महिन्यातून एकदा पलंगावर पालथा झोप, पाय गुडघ्यापासून खाली काठाबाहेर सोड, आणि रूममेटला दोन्ही टाचांची उंची बघायला सांग. उजवी टाच बोटभरही वर दिसली तर मला कळव.

रोजचा खरा परीक्षक मात्र सूज आहे. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाय सरळ ठेवून बस. वाटीच्या आतल्या बाजूची खळी तळव्याने वरच्या दिशेने दोन-तीनदा पुसून घे, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरव आणि आतल्या खळीकडे बघ. तिथे पाण्याची लाट परत आली तर आदल्या दिवशी जास्त झालं. दुखत नसलं तरी. त्या दिवशी धावणं बंद, आणि पुढच्या वेळी निम्मं. सध्या तू सरळ रेषेत धावतोस तेवढंच ठेव. मग ठरवून वळणं, मग समोरच्याला बघून अचानक वळणं, या प्रत्येक पायरीनंतर सकाळी ही तपासणी.

आणखी एक. व्हिडिओच्या शेवटी मित्राने बॉल दिला तो उजवीकडून आला होता, तरी तू तीन पावलं टाकून डाव्याने घेतलास. तुला कळलंही नसेल. जोपर्यंत उजवा पाय विचार न करता पुढे येत नाही, तोपर्यंत आकडे कितीही चांगले आले तरी मी तुला संघात नाही, सरावातच ठेवणार. फेब्रुवारीनंतरही आधी धक्काबुक्की नसलेला सराव, मग पूर्ण सराव काही आठवडे, मग शेवटची पंधरा-वीस मिनिटं. मॅच संपत आली, पाय थकले की उतरणं बिघडतं, म्हणून तुझी उडीची टेस्ट मी दमवूनच घेणार आहे. ताज्या पायांवर सगळेच पास होतात. तालमीच्या फुटबॉल संघाच्या कोचशी मी बोलले आहे. सीझन मेपर्यंत चालतो, शेवटच्या एखाद्या स्पर्धेत तू बसशील असं त्यांनाही वाटतं.

खडूच्या खुणांचा फोटो रविवारपर्यंत पाठव. आणि पुढचा व्हिडिओ समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून काढ. फुल पँट घालून नको, गुडघा दिसत नाही.

तुझी,
आई