मुंबई-पुणे १५० किलोमीटर, पण कोणत्या दारापासून?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत आणि घरांच्या जाहिरातींत ‘मुंबईपासून अमुक किलोमीटर’ असे शब्द नेहमी असतात. गेल्या महिन्यापर्यंत मीही ते आकडे निमूटपणे मान्य करत होतो. मुलीचे बिऱ्हाड बोरिवली पूर्वेहून पुण्यात हडपसरला हलवले, तेव्हा ह्या शब्दांतली मेख कळली.

सामान नेणाऱ्या एका वाहतूकदाराने फोनवरच हिशेब सांगितला होता : मुंबई-पुणे १५० किलोमीटर, किलोमीटरला ३२ रुपये, म्हणजे ४,८०० रुपये. टोल वेगळा. हडपसरला सामान उतरल्यावर चालकाने मीटर दाखवला, “काका, १८९ झाले. वरचे ३९ किलोमीटर धरावे लागतील.” मला वाटले, वाट वाकडी करून आणले. बोलाचाली झाली. अखेर मी पैसे दिले, पण मनातून राग गेला नाही.

घरी आल्यावर वही घेऊन बसलो. जाताना मी टेम्पोत पुढेच बसलो होतो, त्यामुळे कोणते वळण कधी घेतले ते आठवत होते. प्रवासाचे तीन तुकडे पाडले. घरापासून पश्चिम द्रुतगती मार्गाने जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता, पुढे ऐरोलीचा पूल आणि ठाणे-बेलापूर रस्त्याने कळंबोली : ५७ किलोमीटर. कळंबोली ते किवळे द्रुतगती महामार्ग : ९४.५, म्हणजे जवळजवळ ९५. किवळ्याहून हडपसरच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत : ३७. बेरीज १८९. वाट कुठेही वाकडी नव्हती.

मग १५० चा आकडा आला कुठून? तोही खोटा नाही, फक्त तो माझ्या घराचा नाही. संगणकावरच्या पुष्कळ नकाशांत आणि अंतर मोजणाऱ्या साधनांत आख्ख्या मुंबईसाठी एकच बिंदू धरलेला असतो, 19.0760, 72.8777. नकाशात हे आकडे टाकून पाहा, खूण कुर्ल्यात, स्टेशनपासून साधारण सव्वा किलोमीटर उत्तरेला पडते. पुण्याचा 18.5204, 73.8567 हा बिंदू शनिवारवाड्याला लागून आहे. म्हणजे ‘मुंबई ते पुणे’ असे विचारले की उत्तर मिळते ते कुर्ला ते शनिवारवाडा ह्या प्रवासाचे. त्याचेही तुकडे पाडून पाहिले. कुर्ला ते कळंबोली सुमारे ३१, महामार्ग तोच ९५, किवळे ते शनिवारवाडा सुमारे २४. बरोबर १५०.

दोन्ही हिशेबांत मधला तुकडा एकच आहे. फरक सगळा दोन टोकांना आहे. मुंबईच्या टोकाला २६ आणि पुण्याच्या टोकाला १३, मिळून ते ३९, ज्यांच्यावरून मी एका कष्टाच्या माणसाशी भांडलो.

मुंबईच्या बाबतीत हे टोक इतके मोठे का, तर आपले शहर दक्षिणोत्तर लांबलचक आहे. चर्चगेट ते बोरिवली रेल्वेनेच ३४ किलोमीटर. एवढ्या लांब पट्टीवर कुठेतरी एक टाचणी टोचली की बहुतेकांची घरे तिच्यापासून दूरच राहणार. पूर्वी ही टाचणी फोर्टात होती. सेंट थॉमस चर्चपासूनचे मैल रोमन अंकांत कोरलेले दगड शहरात अजून काही ठिकाणी आहेत. निदान त्या दगडावर कुठपासून मोजले ते कोरलेले असे. आजच्या जाहिरातीत तेवढेही नसते.

कोणी म्हणेल, बोरिवलीकरांनी सरसकट पंचवीस किलोमीटर वाढवून धरावे, झाले. तसे होत नाही. हे मला वही मांडल्यावरच उमगले. त्याच घरातून मी अहमदाबादला निघालो, तर कुर्ला मागे राहते आणि मी वाटेवरच वीसेक किलोमीटर पुढे असतो. तिथे शहराचा आकडा माझ्यासाठी जास्त ठरतो. पुण्याला जातानाही मानखुर्दच्या माणसाला वाकडला जायचे असेल तर अंतर १३० च्या आसपास भरेल, कारण दोन्ही घरे मधल्या महामार्गाच्या बाजूलाच आहेत. त्याच्याकडून १५० चे पैसे घेतले, तर त्याचे वीस किलोमीटरचे नुकसान, आणि त्याला ते कधी कळणारही नाही. माझ्या चालकाने निदान मीटर दाखवला.

अंतर जितके कमी, तितका हा फरक बोचतो. मुंबई-नागपूर साधारण आठशे किलोमीटरचा प्रवास, त्यात चाळीस इकडेतिकडे झाले तर पाच टक्के. पुण्याच्या प्रवासात तेच चाळीस चौथ्या हिश्श्याच्या वर जातात. आणि शेजारच्या ठाण्याला जायचे, तर ‘मुंबई ते ठाणे’ ह्या आकड्याचा मुलुंडकराला आणि कुलाबेकराला सारखाच निरुपयोग.

ठाण्यावरून आणखी एक गोष्ट. काही साधने रस्ता न मोजता सरळ रेषा मोजतात. बोरिवली आणि ठाणे ह्या दोन स्टेशनांमध्ये सरळ रेषेत सुमारे १३ किलोमीटर आहेत, पण मध्ये राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. घोडबंदरवरून वळसा घालून जायचे तर २३ किलोमीटरच्या घरात जाते. पुण्याचे तेच : कुर्ला ते शनिवारवाडा सरळ रेषेत १२० आणि रस्त्याने १५०. म्हणून ‘मुंबई-पुणे १२०’ असा आकडा दिसला, तर तो कावळ्याच्या वाटेचा आहे असे समजावे.

अंतर शहराचे आहे की दाराचे, हे ओळखण्याची सोपी खूण आहे. पावतीवर किंवा नकाशावर दोन्ही टोकांना काय लिहिले आहे ते बघावे. नुसते ‘मुंबई’ असेल तर तो मधला बिंदू. पिनकोड असेल तर थोडे बरे, पण तीही वस्तीचीच खूण आहे, दाराची नव्हे. पूर्ण पत्ता टाकला असेल, तरी खूण फाटकावर आली आहे का ते बोटाने मोठे करून पाहावे. द्रुतगती मार्गाच्या पलीकडच्या बाजूला पडली, तर पुढचा उड्डाणपूल गाठून परत यावे लागते आणि दोन-तीन किलोमीटर सहज वाढतात.

त्या चालकाला मी दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, “रोजचंच आहे काका, मालक फोनवर मुंबई-पुणे सांगतात आणि भांडण आमच्या वाट्याला येतं.” हे ऐकून फार वाईट वाटले. दर सांगणाऱ्याने आधी दोन्ही पत्ते विचारले असते, तर आमच्या दोघांतला तो कटू प्रसंग घडलाच नसता.

आपणाला विनंती एवढीच, की पुरवणीत ‘मुंबईपासून’ असे छापताना पुढे ठिकाण द्यावे : सायनपासून, दहिसर नाक्यापासून, जे धरले असेल ते. जाहिरातदारांकडूनही तेवढी एक ओळ मागून घ्यावी. कर्जत-नेरळची घरे पाहायला आमच्या भागातून बरीच कुटुंबे रविवारी निघतात. त्यांना निघण्याआधी आपल्या घरापासूनची बेरीज करता येईल.

आपला,
एक नियमित वाचक,
बोरिवली (पूर्व), मुंबई