अर्ज केलास, आता मॅनेजरला लिही

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

चाकणच्या त्या प्लांटमध्ये सप्लायर क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज भरलास, हे ऐकून बरं वाटलं. आता थेट तिथल्या मॅनेजरला लिहिलं तर चालेल की आगाऊपणा दिसेल, असं तू फोनवर विचारलंस. माझं मत विचारशील तर लिही, आणि या दोन-तीन दिवसांतच लिही. पण ते पत्र पलीकडे जाऊन नेमकं काय करतं हे कळलं, तरच ते नीट लिहिता येईल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माझ्या खात्यातली जागा भरायची असते तेव्हा पोर्टलवर आलेले सगळे अर्ज मला दिसत नाहीत. ते आधी एचआर बघते. शिक्षण, अनुभवाची वर्षं, सध्याचा पगार, नोटीस पिरियड आणि जाहिरातीतले चार-पाच शब्द, एवढ्यावर चाळणी लागते आणि माझ्याकडे दहा-पंधरा नावं येतात. त्या एचआरच्या मुलीला कास्टिंगमधलं फारसं कळत नाही, आणि कळावं अशी अपेक्षाही नाही. तुझ्यासारखी फौंड्रीत उभं राहून काम केलेली मुलगी तिच्या चाळणीतून सहज खाली पडू शकते, कारण सीव्हीवर मोठ्या कंपनीचं नाव नाही. अशा वेळी मला थेट मेल आला आणि त्यात कामाचं काही दिसलं, तर मी एचआरला एका ओळीत विचारते, 'हा अर्ज आलाय का? मला पाठव.' त्या पत्राची सगळी ताकद एवढीच. ते नोकरी देत नाही. ढिगातला तुझा अर्ज ते माझ्या टेबलावर आणतं. म्हणूनच ते यादी तयार होण्याआधी पोचायला हवं. मुलाखतींच्या तारखा ठरल्यावर आलेलं उत्तम पत्रही मी बाजूला ठेवते, कारण तेव्हा नवं नाव आत घालायचं म्हणजे सगळं पुन्हा उघडावं लागतं.

यातूनच पुढची गोष्ट येते. अर्ज सापडायला हवा. पत्रात जॉब आयडी असू दे, आणि नावाचं स्पेलिंग, ईमेल, मोबाइल अर्जात आहे तेच असू दे. तुझ्या जुन्या ईमेलवरून लिहू नकोस. एचआरने शोधलं आणि नाव निघालं नाही, तर दुसऱ्यांदा कुणी शोधत नाही.

पण लिहिण्याआधी एक खात्री कर. तुमची फौंड्री त्या प्लांटला माल देते का? थेट नसेल, तर मधल्या एखाद्या मशीनिंगवाल्यामार्फत जातो का? जात असेल तर मॅनेजरला लिहू नकोस, पोर्टलवरचा अर्ज पुरे. आपल्या सप्लायरचा माणूस त्याला न विचारता घेणं बऱ्याच कंपन्या टाळतात. शिवाय तिथला मॅनेजर तुमच्या मालकांशी रोज बोलत असेल, तर तू बाहेर बघतेयस हे सहज बोलण्यात निघून जाईल. शिरोलीत काय आणि चाकणला काय, कास्टिंगच्या धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. ही शंका फिटल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता लिहायचं कुणाला? जाहिरात पुन्हा वाच. 'रिपोर्टिंग टू' म्हणून हुद्दा दिलेला असतो. लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर तिथली माणसं दिसतात, त्यात हुद्दा आणि चाकण किंवा पुणे घालून शोध. तुझ्या होणाऱ्या साहेबाला लिहायचंय, प्लांट हेडला नाही. प्लांट हेड तो मेल न वाचता खाली ढकलतात, आणि मग तो वरून आलेला म्हणून खालच्या माणसाला खुपतो. बाबांचे मित्र तिथे स्टोअर्सला आहेत, त्यांना इतकंच विचार की कास्टिंग सप्लायर कोण बघतं. त्यांच्याकडून रेफरल मागायची वेळ मात्र आता गेली. बहुतेक कंपन्यांत उमेदवाराने स्वतः अर्ज भरला की नंतरचं रेफरल धरत नाहीत. पुढच्या वेळी ओळखीचं कुणी आत असेल, तर अर्जाआधी विचारायचं.

नाव मिळालं की कंपनीच्या ईमेलवर लिही, किंवा लिंक्डइनवर. लिंक्डइनच्या जोडणीच्या विनंतीत दोन-तीन वाक्यंच मावतात, तेव्हा मेल जास्त बरा. मोबाइल नंबर मिळाला तरी व्हॉट्सॅप करू नकोस. हा नंबर हिला कुठून मिळाला, हाच प्रश्न पहिल्यांदा मनात येतो आणि पुढचं वाचलं जात नाही.

मजकुराबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचंय. तू पाठवलेल्या जाहिरातीत कास्टिंग हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. 'मशीनिंगनंतर आढळणारे दोष' असंही लिहिलंय. म्हणजे त्यांचं दुखणं उघड आहे. माल येतो तेव्हा चांगला दिसतो, मशीनवर चढतो, वरचा थर निघतो आणि आत ब्लोहोल सापडतं. तोवर मशीनचा वेळ आणि टूल दोन्ही खर्च झालेलं असतं. त्या मॅनेजरच्या रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्ये हेच चालू असणार. आणि नेमकं हेच काम तू गेल्या पावसाळ्यात केलंयस. मग 'मी मेहनती आहे, मला संधी द्या' असं कशाला लिहायचं?

तुझं ते काम मला चांगलं आठवतं. त्या हाउसिंगमधले शंभरातले आठ मशीनिंगनंतर बाद होत होते. सगळे वाळूतल्या ओलाव्याला दोष देत होते. तू बाद झालेले तुकडे मांडून बघितलेस, तर भोकं सगळीकडे नव्हती, कोअरच्या वरच्या बाजूलाच होती. मग तू ओव्हनमधून निघालेल्या कोअर वजन केल्यास, पुन्हा तापवल्यास आणि पुन्हा वजन केलं. वजन उतरलं, म्हणजे पाण्यात कालवलेला कोट आतून वाळलाच नव्हता. धातू ओतल्यावर त्याचीच वाफ आत अडकत होती. ओव्हनमधला वेळ वाढवला, रात्रभर उघड्यावर राहिलेल्या कोअर सकाळी परत वाळवायच्या असं ठरलं, आणि बाद होणारे आठावरून तीनवर आले. हे असंच्या असं त्या माणसाला कळू दे. तू इंग्रजीत लिहिशील, मी अंदाज यावा म्हणून मराठीत मांडते:

'विषय: सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, चाकण, जॉब आयडी अमुक: कास्टिंगमधल्या ब्लोहोलवर केलेलं काम.

नमस्कार. या जागेसाठी मी सोमवारी पोर्टलवर अर्ज केला आहे. मशीनिंगनंतर आढळणाऱ्या दोषांचा उल्लेख जाहिरातीत आहे, म्हणून थेट लिहीत आहे. मी कोल्हापुरात फौंड्रीत क्वालिटीचं काम करते. एका ग्रे आयर्न हाउसिंगमध्ये ब्लोहोलमुळे मशीनिंगनंतर आठ टक्के माल बाद होत होता. दोष कोअरच्या वरच्या बाजूलाच असल्याचं दिसल्यावर मी वाळवलेल्या कोअर पुन्हा तापवून वजनातला फरक मोजला. कोट पुरता वाळत नव्हता. ओव्हनचा वेळ आणि कोअर साठवण्याची पद्धत बदलल्यावर चार महिन्यांत प्रमाण तीन टक्क्यांवर आलं. उरलेल्या तीन टक्क्यांत बराचसा भाग वाळू गळण्याचा आहे, त्यावर काम चालू आहे. आपल्याला उपयोगाचं वाटल्यास याबद्दल सविस्तर बोलायला आवडेल. सीव्ही जोडला आहे.'

बस, एवढंच. मोबाइलच्या पडद्यावर एकदा सरकवून संपेल इतकं. उरलेल्या तीन टक्क्यांचं वाक्य काढू नकोस. सगळं सुटलं म्हणणाऱ्या अर्जांपेक्षा, काय सुटलं नाही हे ज्याला ठाऊक आहे त्याच्याशी मला जास्त बोलावंसं वाटतं, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न तिथूनच येईल. तुझ्या वाट्याचं काम आणि टीमचं काम वेगळं ठेव. वजनाची कल्पना तुझी होती, ओव्हनचा वेळ बदलायचा निर्णय तुमच्या फोरमनचा होता. मुलाखतीत दोन प्रश्नांत हे बाहेर येतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नकोस. त्या कामाचा 8डी रिपोर्ट, कंट्रोल प्लॅन किंवा तुकड्यांचे फोटो जोडू नकोस. त्यावर ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर असतो, आणि तो कागद तुझा नाही, फौंड्रीचा आहे. उमेदवाराने जुन्या कंपनीचा कागद पुरावा म्हणून पाठवला, की मी पुढे वाचत नाही. उद्या आमचे कागद हीच दुसरीकडे पाठवेल, असं सरळ मनात येतं. आमच्या कामात तर सप्लायरचे सगळे कागद त्या इंजिनिअरच्या हातात असतात.

पाठवल्यावर काय होईल तेही सांगते. बहुतेक वेळा उत्तर येणार नाही. मॅनेजर तो मेल एचआरला पुढे पाठवतो आणि विसरतो, त्यामुळे चांगली खूण म्हणजे त्याचं उत्तर नव्हे, एचआरचा फोन. 'पोर्टलवर अर्ज करा' असं एका ओळीत आलं, तर नाराज होऊ नकोस. जॉब आयडी देऊन, अर्ज केला आहे, आभार, इतकं लिही. काहीच आलं नाही, तर साधारण दहा दिवसांनी त्याच मेलच्या खाली दोन ओळी लिही आणि तिथे थांब. तिसरा मेल नाही, फोन नाही. जागा गोठवली गेली असेल किंवा आतल्याच कुणाला दिली असेल. अनुभवाची अट पाच वर्षांची आहे आणि तुझा कमी पडतो, ते कारणही असू शकतं. काही मॅनेजर त्या अटीत सूट मिळवून घेतात, काहींच्या हातात ते नसतं.

ताईला मात्र हा उपाय सांगू नकोस. ती सरकारी आणि सार्वजनिक कंपन्यांच्या जागा भरतेय, तिथल्या जाहिरातींत तळाशी छापलेलं असतं की कुठल्याही प्रकारे वशिला किंवा दबाव आणला तर उमेदवार अपात्र ठरेल. तिथे चांगल्या हेतूने लिहिलेलं पत्रसुद्धा अंगाशी येऊ शकतं. खासगी कंपनीच्या जाहिरातीत 'थेट संपर्क करू नये' असं लिहिलं असेल, तरी तोच नियम धर.

तुमची फौंड्री त्या प्लांटला माल देते का, ते आधी डिस्पॅचच्या माणसाकडून सहज बोलता बोलता काढून घे. नसेल देत, तर इंग्रजी मजकूर उद्या रात्रीपर्यंत मला पाठव. भाषा मी बदलणार नाही, तुझीच राहू दे. फक्त आकडे सीव्हीशी जुळतायत का ते बघेन, कारण मागच्या सीव्हीत तू बाद मालाचं प्रमाण किलोत दिलं होतंस आणि इथे टक्क्यांत आहे.

तुझी,
आई