पार्किंगमधला सात नंबरचा कॉलम आणि राहिलेलं स्ट्रक्चरल ऑडिट

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व कमिटी सदस्य,
नागाळा पार्क, कोल्हापूर

विषय: इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मागच्या मीटिंगमध्ये हा विषय "बघू पावसाळ्यानंतर" म्हणून पुढे ढकलला गेला. तेव्हा मीही गप्प बसलो. त्यानंतर पार्किंगमध्ये जे पाहिलं, ते सचिव म्हणून लेखी कळवणं भाग आहे.

ए विंगच्या जिन्यालगतचा सात नंबरचा कॉलम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. २०१९ च्या आणि २०२१ च्या महापुरात पार्किंगमध्ये पाणी राहिलं, त्याची मातकट रेघ याच कॉलमवर कितीतरी दिवस दिसत होती. २०२२ मध्ये त्याला उभी चीर पडली म्हणून आपण एका कारागिराकडून प्लास्टर करून घेतलं. त्या बिलावर सही माझीच आहे, त्यामुळे ही चूक आधी माझी आणि मग कमिटीची. आता त्याच जागी, जवळजवळ त्याच रेषेत चीर परत आली आहे. रविवारी नाण्याने ठोकून पाहिलं तर गुडघ्यापासून छातीपर्यंत बद्द आवाज येतो, त्याच्या वर टणटणीत. एक सुटलेला ढलपा हाताने ओढला तर आतली रिंग दिसली. चिमटीत धरल्यावर तिचे पापुद्रे निघाले आणि एका कोपऱ्यात ती तुटलेलीच होती. फोटो सोबत जोडले आहेत.

उभी चीर प्लास्टरची आहे असं आपण समजत होतो. आडव्यातिडव्या, केसासारख्या चिरा बहुतेक वेळा प्लास्टरच्याच असतात. पण कॉलमच्या कोपऱ्यालगत, सळईच्या रेषेत सरळ खाली जाणारी चीर आतून येते. नवं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे सळईला गंज धरत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत जातो आणि बाहेरून आत असा एकेक थर तो गुण गमावत जातो. हा थर सळईपर्यंत पोचला आणि वर ओल मिळाली की गंज सुरू. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं काँक्रीट फुगून सुटतं. अशा जागी नुसतं प्लास्टर केलं तर गंज आत चालूच राहतो, फक्त आपल्याला दिसत नाही. २०२२ मध्ये आपण नेमकं हेच केलं.

रिंग तुटण्याचं गांभीर्य वेगळं आहे. उभ्या सळया भार घेतात, पण भाराखाली त्या बाहेर वाकू नयेत म्हणून रिंगा त्यांना बांधून ठेवतात. आपल्या तळमजल्यावर भिंती नाहीत, नुसते कॉलम आहेत. जमीन हलली तर सगळा हिसका याच कॉलमांवर येणार. कोल्हापूर भूकंपाच्या नकाशात झोन ३ मध्ये आहे आणि कोयनेचे धक्के इथं जाणवतात. २००१ च्या भूकंपात अहमदाबादला अशा खुल्या पार्किंगच्या इमारती पडल्या होत्या. आपली पडेल असं मी म्हणत नाही. तिची अवस्था आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणतो.

एका सदस्यांचं म्हणणं आहे की कुणीतरी येऊन हॅमर मारून दोन पानांचा रिपोर्ट दिला की झालं. आपल्याकडे दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं ४५,००० रुपयांचं: डोळ्यांनी पाहणी आणि हॅमर टेस्ट. दुसरं १,३५,००० रुपयांचं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे, आणि कारण हॅमरमध्येच आहे. हॅमर पृष्ठभाग किती कडक आहे एवढंच सांगतो. मघाशी सांगितलेला, गुण गमावलेला थर उलट जास्त कडक होतो, म्हणजे जिथं सळई धोक्यात आहे तिथंच आकडा चांगला येऊ शकतो. आपल्या तीस वर्षांच्या कॉलमवर तेवढ्यावर विसंबता येणार नाही.

दुसऱ्या कोटेशनमध्ये अल्ट्रासॉनिक टेस्ट आहे. कॉलमच्या एका बाजूने ध्वनिलहर सोडून ती दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते मोजतात. आपला कॉलम २३० मिलिमीटर रुंद आहे. लहर ६० मायक्रोसेकंदात पोचली तर वेग सेकंदाला सुमारे ३.८ किलोमीटर, म्हणजे काँक्रीट चांगलं. ८५ लागले तर वेग २.७, आणि ३ च्या खाली आला की काँक्रीट संशयास्पद धरतात. त्यासोबत कार्बोनेशन टेस्ट आहे. ताज्या फोडलेल्या जागेवर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, गुण गेलेलं तसंच राहतं. रंग न आलेला भाग किती खोल आहे ते पट्टीने मोजायचं आणि सळई किती आत आहे त्याच्याशी ताडून पाहायचं. हे आपल्यापैकी कुणालाही उभं राहून बघता येईल. कोअर, म्हणजे तपासणीसाठी काँक्रीटचा गोल तुकडा, काढायचा की नाही आणि कुठून, ते मात्र इंजिनिअरने ठरवावं. इतक्या अरुंद आणि आधीच दुखावलेल्या कॉलमला भोक पाडायला मी तरी सांगणार नाही.

या चाचण्यांनी जमिनीखालचं कळत नाही. पाया पाहायचा तर सात नंबरशेजारी एक खड्डा घ्यावा लागेल. शिवाय आपल्याकडे आरसीसी ड्रॉइंग नाहीत, फक्त मंजूर नकाशा आहे. कुणाच्या कपाटात जुनी ड्रॉइंग असतील तर कृपया द्यावीत, इंजिनिअरचं बरंच काम वाचेल.

काहींना भीती आहे की रिपोर्टमध्ये अतिधोकादायक इमारतीचा 'सी-१' शेरा आला तर घर रिकामं करावं लागेल, आणि हा सगळा रीडेव्हलपमेंटचा डाव आहे. पहिली भीती खरी आहे, पण रिपोर्ट न काढल्याने कॉलम बरा होत नाही. शिवाय सी-१ च्या आधी सी-२बी पण आहे, म्हणजे घर न सोडता दुरुस्ती. दुसऱ्या भीतीवर उपाय सोपा: ऑडिट करणाऱ्याचा दुरुस्तीच्या कंत्राटाशी किंवा बिल्डरशी संबंध नसावा, हे वर्क ऑर्डरमध्येच लिहून घ्यावं.

कायद्याचं थोडक्यात. आपला भोगवटा दाखला १९९५ चा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे तीस वर्षांनंतर नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून दाखला पालिकेला द्यावा लागतो. आदर्श उपविधींप्रमाणे तर पंधराव्या वर्षापासून दर पाच वर्षांनी आणि तिशीनंतर दर तीन वर्षांनी ऑडिट हवं. आपण एकदाही केलेलं नाही.

खर्च चोवीस फ्लॅटना वाटला तर प्रत्येकी ५,६२५ रुपये अधिक जीएसटी. दुरुस्ती निधीतून भागेल, पण रक्कम मोठी असल्याने सर्वसाधारण सभेची मंजुरी घ्यावी. त्यासाठी येत्या मीटिंगमध्ये विशेष सभा बोलावण्याचा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा.

तोवर सात नंबरच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या हलवाव्यात. त्या कॉलमला कुणी प्लास्टर, पुट्टी, रंग काहीही लावू नये. ढलपा निघालेली जागा इंजिनिअरला जशी आहे तशीच बघायची आहे.

आपला,
सचिव