सीटी स्कॅनच्या बंद दारापाशी उभं राहून: आरोग्यमंत्री महोदयांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

मी एस.टी.च्या एका आगारातून लेखापाल म्हणून निवृत्त झालेला माणूस आहे. गेल्या आठवड्यात वर्तमानपत्रात वाचलं की आमच्या जिल्हा रुग्णालयासाठी 128 स्लाइसचं, म्हणजे एका फेरीत शरीराच्या 128 कापांची चित्रं टिपणारं, नवीन सीटी स्कॅन यंत्र मंजूर झालं आहे, कारण आधीचं 64 स्लाइसचं यंत्र 'कालबाह्य' झालं. ती बातमी मी बायकोला वाचून दाखवली. तिने डाव्या हाताने पेपर बाजूला सारला. उजवा हात तिला उचलता येत नाही. का येत नाही, ते सांगण्यासाठी हे पत्र.

तीन महिन्यांपूर्वी रात्री 9 वाजून 40 मिनिटांनी ती ओट्यापाशी कोसळली. तोंड वाकडं, बोलणं तुटक. साडेदहाला आम्ही अपघात विभागात होतो. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने दोन मिनिटांत ओळखलं की हा पक्षाघाताचा झटका आहे. पण मेंदूत गुठळी अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे बाहेरून कळत नाही, त्यासाठी सीटीच लागतो. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. रक्तस्राव असताना तेच इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जातो. म्हणून डॉक्टरने स्ट्रेचर सरळ सीटीच्या खोलीकडे वळवलं.

दारावर कागद चिकटवला होता: 'तांत्रिक कारणास्तव सी.टी. स्कॅन बंद आहे. दि. __ पासून सुरू होईल.' त्या मोकळ्या जागेत तीन तारखा लिहून तीन वेळा खोडल्या होत्या. चौथी लिहायला जागाच उरली नव्हती. रुग्णवाहिका शोधून 85 किलोमीटरवरच्या शहरात, खासगी केंद्रात तिचं स्कॅन झालं तेव्हा 2 वाजून 50 मिनिटं झाली होती. गुठळीच होती. झटक्याला पाच तास दहा मिनिटं उलटली होती. स्कॅनचे अडीच हजार आणि गाडीचे चार हजार मी दिले. पैशाचं मी कधीच विसरलो. इंजेक्शनचं विसरता येत नाही.

त्यानंतर मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. आयुष्यभर बसगाड्यांचे हिशेब ठेवले, तसाच या यंत्राचा ठेवायचा म्हणून. उत्तर आलं ते असं.

यंत्र जून 2019 मध्ये आलं, किंमत सुमारे तीन कोटी. मग चौदा महिने ते खोक्यात होतं. खोलीच्या भिंतींना शिशाचं आवरण नव्हतं, ट्रान्सफॉर्मरची क्षमता कमी होती, अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना त्यामुळे अडकला होता. हमीची तीन वर्षं मात्र करारात पुरवठ्याच्या तारखेपासून धरलेली. म्हणजे हमीतले चौदा महिने खोक्याने वापरले, रुग्णांच्या वाट्याला बावीस आले. हमी संपल्यावर देखभालीचा करार झाला, पण ट्यूब वगळून. महोदय, सीटी यंत्रात एक्स-रे ट्यूब ही झिजणारीच वस्तू असते. आत एक चकती जोरात फिरते, तिच्यावर इलेक्ट्रॉनचा मारा होतो, प्रचंड उष्णता निघते, आणि हजारो स्कॅननंतर ट्यूब जाते. गाडीचं टायर जातं तशी. टायर वगळून बसच्या देखभालीचा करार आमच्या आगारात कुणी केला असता तर त्याला दुसऱ्या दिवशी जाब द्यावा लागला असता.

आमचं यंत्र बंद पडलं ते ही ट्यूब गेल्यामुळे, आणि ती एका रात्रीत गेलेली नाही. तिथला तंत्रज्ञ मला भेटला. बिचारा हात जोडून बोलत होता. मे महिन्यात खोलीचा एसी बंद पडला, तेव्हापासून दोन रुग्णांच्या मध्ये ट्यूब निवण्यासाठी दहा-दहा मिनिटं थांबावं लागायचं. मग स्कॅन मध्येच तुटायला लागले, पडद्यावर ट्यूबच्या बिघाडाचा इशारा यायला लागला. त्याने चार वेळा लेखी कळवलं. त्या कागदांच्या प्रती माझ्याकडे आहेत. एसी दुरुस्तीला काही हजार लागले असते. नव्या ट्यूबला चाळीस लाखांच्या पुढे लागतात, असं रुग्णालयातच सांगतात. आधीची थकबाकी दिल्याशिवाय कंपनी येत नाही, आणि थकबाकीची फाइल कुठल्या टेबलावर आहे हे कुणी सांगत नाही.

आता आकड्यांकडे या. नोंदवहीप्रमाणे यंत्र चालू होतं तेव्हाही दिवसाला सरासरी आठच स्कॅन होत होते. रुग्ण नव्हते म्हणून नाही. चोवीस तास चालवायला किमान चार तंत्रज्ञ लागतात, भरलेली पदं दोन. त्यामुळे यंत्र सकाळी नऊ ते दुपारी दोन, ओपीडीसारखं. रस्त्यावरचे अपघात आणि पक्षाघात काय ओपीडीची वेळ बघून येतात?

मी वर्षाचा खर्च मांडला. तीन कोटी दहा वर्षांत वाटले तर वर्षाला तीस लाख. ट्यूबसह देखभाल किमतीच्या सहा टक्के धरली तर अठरा लाख. पगार बत्तीस, वीज-यूपीएस-एसी आठ. एकूण अठ्ठ्याऐंशी लाख. फिल्म आणि औषध वेगळं. यातला एखादा आकडा माझा चुकला असेल, तर तुमच्या खात्याने जाहीरपणे दुरुस्त करावा. मला आनंदच होईल. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर आठ स्कॅनच्या हिशेबाने एक स्कॅन पडतो साधारण 3,670 रुपयांना. खासगीत मी अडीच हजार मोजले, त्याहून महाग! तेच यंत्र दिवसाला तीस स्कॅन करील तर खर्च येतो हजाराच्या आत. दिवसाला बारा स्कॅन झाले की सरकारी यंत्र आणि खासगी दर जुळतात. त्याच्या खाली सरकार तोट्यात, वर गेलं की प्रत्येक रुग्णामागे पैसे वाचतात. बस किती भरून धावते, त्या भारमानाचा हा हिशेब आहे, आगारातला कुठलाही कारकून सांगेल.

आणि आता तो शब्द, कालबाह्य. यंत्र जुनं होण्याचा धोका खरा आहे, मी नाकारत नाही. कंपनी सुटे भाग बनवणं थांबवते, सॉफ्टवेअरला आधार देणं थांबवते, मग ट्यूब धड असूनही यंत्र अडतं. पण आमच्या यंत्राचं असं झालं आहे का? तसं कंपनीचं पत्र असेल तर दाखवा. मला माहितीच्या अधिकारात मिळालेल्या कागदांत ते नाही. 64 स्लाइसची यंत्रं 2004 च्या सुमारास बाजारात आली. डोक्यातला रक्तस्राव, फुटलेली कवटी, पोटातली इजा त्यांच्यावर तेव्हाही स्वच्छ दिसत होती, आजही दिसते. स्लाइस वाढवल्याचा मोठा फायदा धडधडत्या हृदयाच्या रक्तवाहिन्या टिपताना होतो. आमच्या जिल्हा रुग्णालयात हृदयरोगतज्ज्ञाचं पद रिकामं आहे. ते स्कॅन वाचणार कोण?

तरी धरून चालू की धोका खरा ठरला आणि यंत्र दहाऐवजी सात वर्षांतच टाकावं लागलं. मग वर्षाचा बोजा साधारण तेरा लाखांनी वाढतो. दिवसाला तीस स्कॅन असतील तर तो एका स्कॅनमागे 143 रुपये पडतो. आठ असतील तर 536. म्हणजे कालबाह्य होण्याची भीती कुणाला? जो यंत्र वापरत नाही त्याला. जो पहिल्या दिवसापासून तीन पाळ्यांत चालवतो, त्याचे पैसे तंत्रज्ञान बदलण्याआधी वसूल झालेले असतात. तुमच्या खात्याने आमच्या यंत्राचे चौदा महिने खोक्यात घालवले, पुढचे महिने एका पाळीत घालवले, आता कुलपात घालवताय, आणि वर तेच जुनं झालं म्हणून नवीन घेताय. त्या नव्याचंही हेच होणार आहे, महोदय. तंत्रज्ञ तेच दोन आहेत. एसी तोच आहे.

शुल्काचं म्हणाल तर ऑगस्ट 2023 पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते योग्यच झालं. गरिबाकडून स्कॅनचे पैसे घेऊ नयेत या मताचा मी आहे. पण पूर्वी आमच्याकडे रुग्ण कल्याण समितीत जे शुल्क जमा व्हायचं त्यातून एसी, स्टॅबिलायझर अशा दुरुस्त्या निघायच्या. तो झरा बंद केला, तर त्याच्या जागी पैसे कुठून येणार हे कुणी ठरवलं? मोफत म्हणजे रुग्णाने द्यायचे नाहीत, इतकंच. कुणीतरी द्यायचेच असतात. इथे ते कुणीच दिले नाहीत, आणि शेवटी मीच दिले, 85 किलोमीटरवर, रात्री तीन वाजता.

खरं दुखणं इथे आहे. नवं यंत्र भांडवली खर्चातून येतं, त्याला निधी मिळतो, फीत कापली जाते, फोटो येतो. ट्यूब महसुली खर्चातून येते, तिच्यासाठी फाइल फिरते. ट्यूब बदलली म्हणून कुठल्या मंत्र्याचा फोटो छापून आलेला मी पाहिला नाही. शाळेला इमारत मिळते, शिक्षक मिळत नाही. पाण्याची टाकी होते, पंप जळतो. पस्तीस वर्षं मी हेच बघत आलो, पण माझ्या घरात ते असं शिरेल असं वाटलं नव्हतं.

म्हणून मागतो ते साधं आहे. नव्या यंत्राचा आदेश थांबवून आधी जुन्याची ट्यूब आणि थकबाकी भागवा. नवीन घ्यायचंच असेल तर खोली, ट्रान्सफॉर्मर, परवाना आणि चार तंत्रज्ञ तयार झाल्याशिवाय पुरवठा नको, आणि हमी रुग्णाचं पहिलं स्कॅन होईल त्या दिवसापासून धरा. निविदेत नुसती खरेदीची किंमत न बघता ट्यूबसह दहा वर्षांच्या देखभालीची किंमत त्याच वेळी बांधून घ्या. यंत्र बंद राहिलं तर दर दिवसाचा दंड करारात असू द्या. आणि ते बंद असेल तेव्हा पक्षाघाताच्या रुग्णाचं खासगी केंद्रातलं बिल रुग्णालयाने भरावं. दारावर तारखा खोडण्यापेक्षा आज किती स्कॅन झाले तो आकडा लिहा.

येत्या 18 तारखेला बायकोचं पुन्हा स्कॅन करायचं आहे. फिजिओथेरपीवाले म्हणतात, बोटं थोडी हलतील. ती डाव्या हाताने सही शिकते आहे, बँकेत जुळत नाही म्हणून. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी तिला व्हीलचेअरवरून पुन्हा त्याच दारापाशी घेऊन येणार आहे. त्या कागदावर तेव्हा काय लिहिलेलं असेल, ते तुमच्या कार्यालयाने मला आधी कळवावं. नाहीतर गाडी ठरवायची आहे.

आपला,
एक निवृत्त लेखापाल