आईच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टबद्दल

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, काल रात्री तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलात आणि लगेच विचारलंत, ‘लीजन म्हणजे गाठ ना?’ फोनवर मी सांगत गेले, पण तुमच्या आवाजातली काळजी काही उतरली नाही. म्हणून शांतपणे लिहून पाठवते आहे. आईलाही वाचून दाखवा.

आधी ‘लीजन’. आजूबाजूच्या भागापेक्षा वेगळा दिसणारा कुठलाही ठिपका म्हणजे लीजन, एवढाच त्याचा अर्थ. जुना व्रणसुद्धा लीजनच. चांगलं की वाईट, ते या शब्दात नाही. ते पुढच्या शब्दांत आहे.

आईच्या रिपोर्टच्या इम्प्रेशनमध्ये, म्हणजे शेवटच्या निष्कर्षात, लिहिलंय की लिव्हरच्या उजव्या भागात १४ मिलिमीटरचा, स्पष्ट कडांचा, हायपरएकोइक लीजन आहे, ‘लाइकली हिमँजिओमा’. हिमँजिओमा म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. लिव्हरमध्ये सापडणाऱ्या साध्या गाठींमध्ये हीच सर्वात जास्त आढळते, त्यातही बायकांमध्ये अधिक. तो कॅन्सर नाही आणि पुढे कॅन्सर होतही नाही. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी आत जातात आणि आदळून परत येतात. या गुंत्यात वाहिन्यांच्या असंख्य भिंती असतात, प्रत्येक भिंतीवरून लहर परतते, म्हणून तो पडद्यावर पांढराशुभ्र दिसतो. हायपरएकोइक म्हणजे एवढंच.

मग ‘लाइकली’ कशाला? ‘आहे’ असं सरळ का नाही लिहिलं? मी वाशीला रोज असे रिपोर्ट लिहिते, आणि मीही हेच लिहिलं असतं. सोनोग्राफी आपल्याला चमक, आकार आणि कडा दाखवते. आत रक्त कसं भरतं ते नेहमीच्या तपासणीत दिसत नाही. कधीकधी लिव्हरमधला दुसराच काही ठिपका, क्वचित कॅन्सरचाही, असाच पांढरा दिसतो. खात्री करायची तर रंगद्रव्य देऊन सीटी किंवा एमआरआय करतात. हिमँजिओमात ते द्रव्य आधी कडेला ठिपक्याठिपक्यांनी भरतं आणि मग हळूहळू मध्याकडे सरकतं. ते पाहिल्याशिवाय डॉक्टरांनी ‘आहे’ लिहिलं असतं, तर मला ते आवडलं नसतं.

एक मात्र सांगते. ‘लाइकली’ म्हणजे इतके टक्के, असं ठरलेलं माप नाही. प्रत्येक डॉक्टर आपापल्या सवयीने हा शब्द वापरतो. म्हणून त्या एका शब्दावर अडून न राहता वर्णन वाचायचं. आईच्या रिपोर्टात कडा स्पष्ट आहेत आणि ठिपका एकच आहे. भोवती काळी कड असती, ठिपके बरेच असते किंवा कडा अस्पष्ट असत्या, तर मी आजच तिकडे आले असते.

आता शेवटची ओळ, ‘सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन’. बाबा, तुम्हाला ती हात झटकल्यासारखी वाटली. पण त्या डॉक्टरांनी आईला दहा मिनिटं पाहिलं, तेही अंधाऱ्या खोलीत. तिचा पूर्वेतिहास त्यांना माहीत नव्हता. हाच ठिपका लिव्हर सिऱ्होसिस असलेल्या, हेपेटायटिस बी असलेल्या किंवा आधी कुठला कॅन्सर झालेल्या माणसात दिसला, तर त्याचा अर्थ बदलतो आणि पुढची तपासणी टाळता येत नाही. ‘हे सगळं जुळवून पाहा,’ असं ते आपल्या फॅमिली डॉक्टरांना सांगताहेत.

आणि जुळवायला लागणारे कागद तुमच्याच कपाटात आहेत. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं होतं, त्यात हेपेटायटिस बी निगेटिव्ह होतं. ती फाइल काढा. शिवाय २०१९ मध्ये पित्ताशयाच्या दुखण्यासाठी नौपाड्यात सोनोग्राफी केली होती, आठवतं? त्या रिपोर्टचा फोटो माझ्याकडे निघाला. त्यातही उजव्या बाजूला असाच पांढरा ठिपका आहे, १३ मिलिमीटरचा. तेव्हा आपण कुणीच तिकडे लक्ष दिलं नाही. वेगळं मशीन, वेगळा हात, की एवढा एका मिलिमीटरचा फरक मोजण्यातच पडतो. म्हणजे इतक्या वर्षांत तो वाढलेला नाही. माझा जीव भांड्यात पडला तो या कागदामुळे.

तरी मी फक्त फोटो पाहिलेत, आणि मी तिची मुलगी आहे. निर्णय डॉक्टरांचाच. ते कदाचित सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा म्हणतील, कदाचित सीटी सांगतील. सीटी सांगितलं तर आईची शुगर आहे म्हणून क्रिएटिनिन आधी तपासून घ्यायला सांगा, ते रंगद्रव्य किडनीवाटे बाहेर पडतं.

शनिवारी मी सकाळच्या लोकलने ठाण्याला येते. दोन्ही रिपोर्ट आणि मोतीबिंदूची फाइल एका पिशवीत ठेवा. आईला म्हणावं, त्या दिवशी उपास नको, नुसतं बोलायलाच जायचंय.

तुमची,
मनू