विजेवरची गाडी खरंच रुपयात किलोमीटर धावते का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाड्यांची तुलना करणाऱ्या मजकुरात विजेवरची गाडी ‘रुपयात एक किलोमीटर’ धावते, हे वाक्य हमखास असते. मी कळमेश्वर तालुक्यातल्या एका खेड्यातून नागपूरला सदरपर्यंत रोज अपडाऊन करतो. जाऊन-येऊन 48 किलोमीटर, महिन्याचे साधारण 1,100. आधी पेट्रोलची गाडी होती, आता काही वर्षांपासून विजेची आहे. गाडीबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या रुपयाच्या हिशेबाबद्दल आहे.

गाडीच्या स्क्रीनवर एका युनिटला आठ किलोमीटरच्या वर आकडा दिसतो. मी चार्जिंगच्या सॉकेटला वेगळे सब-मीटर लावून घेतले, तेव्हा कळले की भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर गाडी सातच किलोमीटर जाते. बाकीची वीज चार्जरच्या उष्णतेत जाते. बिल भिंतीतून घेतलेल्या विजेचे येते, स्क्रीनवरच्या नाही. म्हणजे महिन्याला सुमारे 158 युनिट.

आता दर. घरगुती मीटरवर पहिली 100 युनिटे स्वस्त, 101 ते 300 जवळजवळ दुप्पट महाग आणि 300 च्या वर त्याहून महाग. माझ्या गेल्या वर्षीच्या बिलांवर वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून हे दर अंदाजे 6.80, 13.30 आणि 18.20 रुपये पडले. ‘रुपयात किलोमीटर’वाले पहिल्याच दराने गुणाकार करतात. पण ती पहिली शंभर युनिटे माझ्या घरचे फ्रिज, पंखे आणि टुल्लू पंप कधीच संपवून बसलेले असतात. घरचा वापर 140 युनिट, त्यावर गाडीची 158. म्हणजे गाडीचे एकूण एक युनिट 13.30 च्या टप्प्यात पडते. महिन्याला 2,100 रुपये, किलोमीटरला 1 रुपया 90 पैसे.

हे झाले हिवाळ्याचे. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, घरी दोन कूलर चोवीस तास चालतात आणि घरचाच वापर 250 वर जातो. गाडीतही एसी लावल्याशिवाय बसवत नाही, त्यामुळे युनिटला सहाच किलोमीटर मिळतात. मग गाडीची 183 युनिटे होतात. त्यातली पन्नास 13.30 ने आणि उरलेली 18.20 ने. तीन हजारांच्या वर बिल, किलोमीटरला 2 रुपये 80 पैसे. ज्याच्या घरी आधीच एसी आहे त्याने हाच आकडा बारमाही धरावा.

तरीही पेट्रोल यापुढे टिकत नाही. जुनी गाडी लिटरला 18 किलोमीटर द्यायची. पेट्रोल 104 रुपये धरले तर 1,100 किलोमीटरला 6,350 रुपये, म्हणजे किलोमीटरला पावणेसहा. डिझेल 91 रुपये आणि सरासरी 21 धरली तर 4,750 च्या आसपास, किलोमीटरला सव्वाचार.

डिझेल मधोमध बसते म्हणून पुष्कळांना तोच शहाणा पर्याय वाटतो. माझ्या ऑफिसातले एक सहकारी याच हिशेबाने फसले. घर मानेवाड्याला, ऑफिस सदरला, सगळा रस्ता सिग्नलचा. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते, डीपीएफ. जमलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने धावावे लागते, तरच धुराडे पुरेसे तापते. यांची गाडी तापायला लागायची तोवर पार्किंग यायचे. आधी सरासरी घसरली, मग गाडी बंद केल्यावरही पंखा घरघरत राहू लागला, मग दिवा लागला. मेकॅनिकने ऑइलची पट्टी काढून दाखवली. ऑइल कमी व्हायचे सोडून वाढले होते आणि त्याला डिझेलचा वास येत होता. काजळी जाळण्यासाठी सोडलेले जादा डिझेल, जाळणे अर्धवट सुटले की, ऑइलमध्ये उतरते. तसे पातळ ऑइल इंजिन खाते. याच गाडीने रोज काटोलहून नागपूर केले असते तर हा दिवा बहुधा लागलाच नसता. डिझेल लांब रस्त्याचे जनावर आहे, त्याला अंगणात फिरवू नये.

देखभालीत विजेच्या गाडीला इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग नाहीत. पेट्रोलच्या गाडीला मी वर्षाला पाच-सहा हजार घालायचो, आता त्याच्या निम्म्यातही भागते. पण वाचलेले पैसे दुसऱ्या दाराने जातात. गाडी जड आणि उठाव जोरदार, त्यामुळे पुढचे टायर 32,000 किलोमीटरलाच बदलावे लागले. जुन्या गाडीचे 45,000 गेले होते. विमाही महाग. शिवाय खेड्यातली एक गोष्ट शोरूमवाला सांगत नाही, ती म्हणजे उंदीर. सोयाबीनची पोती गाडीशेजारी ठेवली त्या दिवाळीत उंदरांनी वायर कुरतडली. पेट्रोलच्या गाडीची असती तर गावातल्या पोराने टेप मारून दिली असती. बॅटरीची जोरदार वीज वाहणाऱ्या नारिंगी रंगाच्या जाड वायरीला तो हात लावत नाही, आणि लावूही नये. गाडी उचलून नागपूरला न्यावी लागली, चार दिवस एसटीने अपडाऊन. म्हणून देखभालीत मी दोन्ही गाड्या सारख्याच धरतो.

चार्जिंगला भारनियमन आडवे येईल ही भीती मात्र फुकटची निघाली. रोजची सात युनिटे 15 अँपिअरच्या सॉकेटवर दोन-सव्वादोन तासांत भरतात, रात्रभरात तेवढी लाईन राहतेच. अडचण आली ती अर्थिंगची. पहिल्या रात्री चार्जर लाल दिवा दाखवून गप्प बसला. वायरमनने सॉकेट उघडून पाहिले. “अर्थिंग कुठी हाय भाऊ? वायर त नुसती भितीत खुपसली हाय.” खड्डा खणून पाइप, कोळसा आणि मीठ घातले, मंजूर भार वाढवून घेतला, तेव्हा काम झाले.

आता खरेदीची किंमत. मला विजेची गाडी तशाच पेट्रोलच्या गाडीपेक्षा अडीच लाखांनी महाग पडली. उन्हाळा धरून महिन्याला सरासरी चार हजार वाचतात, म्हणजे पाच-सव्वापाच वर्षांत फिटंफाट. बॅटरीची वॉरंटी आठ वर्षांची आहे, म्हणून मला परवडले. माझा साळा आठवड्यातून दोनदा नागपूरला जातो, महिन्याचे 400 किलोमीटर. त्याचे महिन्याला दीड हजारच वाचतील आणि अडीच लाख फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतील. त्याला मी पेट्रोलची गाडी घ्यायला सांगितले, आणि त्याने घेतली.

यापुढे आपल्या पानावर अशी तुलना छापाल तेव्हा युनिटच्या दराशेजारी तो कोणत्या टप्प्याचा आहे तेवढे लिहावे, ही विनंती.

– एक अपडाऊनवाला वाचक,
ता. कळमेश्वर, जि. नागपूर